पाटवडी रस्सा, पाच मुठींचा: शेजारणीसाठी लिहिलेल्या एका कार्डाचं प्रकरण

प्रकरण साधंच आहे. नाशिकला इंदिरानगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या ताई मूळच्या चिपळूणच्या. ओल्या नारळाच्या वाटणात वाढलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाटवडी रस्सा खाल्ला आणि कृती मागितली. सासूबाईंनी ती दोन मिनिटांत सांगून टाकली: पाच मुठी डाळीचं पीठ, अर्धा तांब्या पाणी, मूठभर खोबरं, मसाला "जरा सढळ", मीठ अंदाजाने. ताई घरी केक करतात, त्यांच्या ओट्यावर वजनकाटा असतो आणि ड्रॉवरमध्ये मोजमापाच्या चमच्यांचा संच. त्या मला जिन्यात म्हणाल्या, "वहिनी, आजींची मूठ माझ्याकडे नाहीये. मला ग्रॅममध्ये लिहून द्याल का?"

सासूबाई सटाण्याच्या. पाटवडी त्यांच्या माहेरून आलेली, आणि आमच्याकडे ती पावसाळ्यात किंवा भाजी संपलेल्या दिवशी होते. त्यांना "मोजून घाला" असं सांगण्यात अर्थ नव्हता. एक तर त्यांनी ते ऐकलं नसतं, आणि ऐकलं असतं तर आणखी पंचाईत. हाताने घालणाऱ्या माणसाला वाटी धरायला लावली की त्याचा हात बिचकतो, आणि मग आपण मोजतो ते त्याच्या बिचकण्याचं माप. म्हणून हाताला हात न लावता डबा मोजायचा, असं ठरवलं.

डबा मोजायचा, मूठ नाही

पद्धत अशी. पिठाचा डबा झाकण काढून काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं. मूठ काढली की पुन्हा वजन बघायचं. जितकं कमी झालं तितकी मूठ. डबा काट्यावर ठेवून शून्याचं बटण दाबलं तर प्रत्येक मुठीला पडद्यावर उणे आकडा दिसतो, ते सोयीचं वाटतं. पण घरगुती काटे काही मिनिटं हालचाल झाली नाही की आपोआप बंद होतात आणि ते शून्य विसरतात. फोडणी तडतडेपर्यंत काटा झोपलेला असतो. त्यामुळे शून्य करण्याच्या भानगडीत न पडता डब्यासकट पूर्ण वजन कागदावर लिहीत जायचं आणि वजाबाकी मागाहून करायची. पाण्याचंही तसंच. तांब्या आधी आणि नंतर तोलायचा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलि, त्यामुळे वेगळ्या मापाची गरज नाही.

पाण्याचा हिशोब सरळ निघाला: तांब्या आधी ११८० ग्रॅम, नंतर ७३०. म्हणजे ४५० मिलि. पिठाच्या पाच मुठी मात्र अशा आल्या: ४६, ४१, ३९, ४० आणि ३३. बेरीज १९९, म्हणजे कार्डावर २०० ग्रॅम.

कार्ड बहुतेक लोक इथेच लिहून मोकळे होतील. पण या पाच आकड्यांत खरी गोष्ट बेरजेची नाही, शेवटच्या मुठीची आहे. पहिल्या चार मुठी सासूबाईंनी डब्याकडे बघून घेतल्या. पाचवी घेताना त्यांची नजर कढईत होती. उकळत्या पाण्यात पीठ पेरताना डाव्या हाताने त्या घोटत होत्या, उलथन्याला किती जोर लागतोय ते त्यांना कळत होतं, आणि पाचवी मूठ त्यांनी एकदम टाकली नाही, बोटांमधून सोडली. थोडं पीठ मुठीतून परत डब्यातही गेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पीठ मागेल तितकं घालायचं गं. सगळं घालायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

म्हणजे चार मुठी हे माप, आणि पाचवी मूठ हा निवाडा. तो निवाडा ग्रॅममध्ये लिहिला की हरवतो. म्हणून कार्डावर दोन आकडे आले: १७० ग्रॅम पीठ सुरुवातीला, आणि ३० ग्रॅम बाजूला वाटीत. ते ३० ग्रॅम कधी घालायचे आणि कधी नाही, याची खूण शेजारी.

पीठ वाटीने न देता ग्रॅमनेच द्यायचं याचं कारणही इथेच सांगून टाकते. २४० मिलिच्या एका कपात बेसन चाळून हलक्या हाताने भरलं तर नव्वदेक ग्रॅम बसतं, डब्यात कप खुपसून दाबून भरलं तर एकशेवीसच्या आसपास. भाजीत हा फरक चालून जाईल. पाटवडीत एवढ्या फरकाने एकीकडे वडी सुरीला चिकटते, दुसरीकडे ती रबरासारखी होते आणि रस्सा आत शिरतच नाही.

चमच्याची बाजू

मसाल्यांना मात्र ग्रॅम उलटे नडतात. घरगुती काटा एका ग्रॅमच्या पायरीने चालतो. काळा मसाला १२ ग्रॅम गेला असं त्याने दाखवलं तर खरा आकडा अकराच्या जरा वर किंवा तेराच्या जरा खाली असू शकतो, ते चालतं. पण हळद दीड ग्रॅम असेल तर काट्याचा एक किंवा दोन दोन्ही खोटेच. पाच ग्रॅमच्या आतलं काहीही या काट्यावर एकट्याने तोलू नये. उपाय सोपा आहे. तोच चमचा दहा वेळा सपाट भरून एका वाटीत ओतायचा, वाटीचं वजन करून दहाने भागायचं. असं करून बघितलं तेव्हा आमचा काळा मसाला ५ मिलिच्या सपाट चमच्याला साधारण २.४ ग्रॅम भरला, तिखट अडीचच्या आसपास, आणि बारीक मीठ साडेपाच. म्हणजे १२ ग्रॅम मसाला हे पाच सपाट चमचे.

"सपाट" हा शब्द कार्डावर प्रत्येक चमच्यापुढे लिहिला, आणि तो पाल्हाळ नाही. सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यातला चमचा छोटा आहे, पण त्या तो शीग लावून भरतात, आणि बारीक दळलेल्या मसाल्याची शीग चमच्याच्या पोटाइतकीच उंच उभी राहते. त्यांचे पाच चमचे म्हणजे त्याच चमच्याचे सपाट आठ-नऊ. ताईंनी सासूबाईंच्याच चमच्याने पाच सपाट घातले असते तरी रस्सा फिका झाला असता.

ज्यांच्याकडे मोजमापाचे चमचे नाहीत त्यांनी घरातला चहाचा चमचा पाण्याने एकदा तपासावा. दहा चमचे पाणी वाटीत, वजन, भागिले दहा. आमच्या घरातले दोन चहाचे चमचे एक ४ मिलिचा निघाला, एक जवळपास साडेपाचचा, आणि दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी.

मिठाचं प्रकरण वेगळं. आमच्याकडे जाडं मीठ बरणीत असतं, ताईंकडे पाकिटातलं बारीक. जाड्या मिठाच्या खड्यांत हवा राहते, त्यामुळे तोच चमचा भरून वजन कमी येतं, आणि किती कमी ते खडा किती मोठा यावर. शिवाय सासूबाई मीठ दोनदा घालतात, दुसऱ्यांदा चव बघून. म्हणून बरणी सगळ्यात शेवटी तोलली आणि एकूणच आकडा घेतला: वडीत ६ ग्रॅम, रश्श्यात ११. वडीचा गोळा शिजून सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर होतो आणि रस्सा शेवटी एक लिटरच्या वर थोडा, म्हणजे दोन्हीकडे मीठ शेकडा एकच्या जवळ आहे. हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं, कारण एरवी मापाची चूक पकडायला दुसरा आधार नसतो. वडीत शेकडा तीन किंवा रश्श्यात अर्धा टक्का निघाला असता तर मी बरणी पुन्हा तोलली असती.

कांदा

रश्श्याचं वाटण म्हणजे भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, आलं. खोबऱ्याची मूठ ५० ग्रॅम निघाली, लसूण १५, आलं १०. यात काही गंमत नाही. कांदा मात्र नाशकातच अडचणीचा आहे, कारण इथे वर्षभर एकच कांदा मिळत नाही. उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, कोरडा असतो, तव्यावर पटकन रंग धरतो. पावसाळा संपता संपता बाजारात येणारा लाल पोळ कांदा पाणीदार. तो तव्यावर आधी बराच वेळ नुसता वाफाळतो, मग कुठे तांबूस व्हायला लागतो. "दोन मध्यम कांदे" असं लिहिलं तर एक जण १४० ग्रॅम घालेल आणि दुसरा ३००. वजन लिहिलं, सोलून-चिरून २०० ग्रॅम, तरी वेळ लिहिता येत नाही.

यावर तोडगा वजनातच सापडला. भाजून झालेला कांदा ताटलीत काढून तोलला तर तो निम्म्यावर आलेला होता, शंभर ग्रॅमच्या आसपास. पाणी गेल्याशिवाय कांदा तांबूस होत नाही, त्यामुळे रंग आणि वजन एकमेकांची साक्ष देतात. कार्डावर मिनिटं न लिहिता हेच लिहिलं.

कार्ड

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, दोन्ही बाजूंना. ताईंना दिलं तसंच इथे उतरवते.

*पाटवडी रस्सा, चार जणांना*
(चमचा म्हणजे संचातला ५ मिलिचा, नेहमी सपाट. मोठा चमचा १५ मिलिचा.)

*वडी.* बेसन १७० ग्रॅम + वाटीत बाजूला ३० ग्रॅम. पाणी ४५० मिलि. तेल २ मोठे चमचे. मोहरी, जिरं अर्धा-अर्धा चमचा, हिंग चिमूट, हळद अर्धा चमचा. लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा २ चमचे. बारीक मीठ ६ ग्रॅम (१ चमचा भरून वर किंचित).
फोडणी करून पाणी घाला, मीठ घाला, खळखळ उकळू द्या. आच मध्यम. बेसन मुठीने पेरत घोटत राहा. गुठळ्यांची भीती वाटली तर १७० ग्रॅम बेसन आधीच २०० मिलि गार पाण्यात कालवून घ्या आणि उरलेलं २५० उकळा.
गोळा कढईच्या कडा सोडायला लागला आणि उलथनं मधोमध उभं केलं तर हळूहळू कलतं, असं झालं की बाजूचं पीठ लागत नाही. उलथनं लगेच आडवं पडलं तर बाजूचं पीठ चिमटी-चिमटीने घाला.
झाकण ठेवून मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं वाफ. ओल्या तळहातावर सुपारीएवढा गोळा वळून बघा, चिकटला नाही तर झालं.
२५ सेंमी थाळीला तेल लावून बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीने थापा. वर सुकं खोबरं, कोथिंबीर. अर्धा तास गार होऊ द्या, मग ओल्या सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात कापा.

*रस्सा.* कांदा चिरून २०० ग्रॅम, भाजून निम्म्यावर यायला हवा. सुकं खोबरं ५० ग्रॅम, लालसर भाजून. लसूण १५, आलं १० ग्रॅम. थोडं पाणी घालून गंधासारखं वाटा.
तेल ४ मोठे चमचे. वाटण मध्यम आचेवर, कडेने तेल दिसेपर्यंत परता. काळा मसाला ५ चमचे, तिखट १ चमचा, हळद अर्धा चमचा, अर्धा मिनिट. जळतोय वाटलं तर पाण्याचा हबका.
कडकडीत पाणी १ लिटर. मीठ आधी ८ ग्रॅम (दीड चमचा). १५ मिनिटं उकळी. मग चव बघून मीठ उरलेलं ३ ग्रॅमपर्यंत, आणि तिखट दुसरा चमचा हवा असेल तर.
वड्या जेवायला बसायच्या ५ मिनिटं आधी रश्श्यात सोडा, आधी नाही.

कार्डासोबत काळ्या मसाल्याची छोटी बरणी दिली. त्याला कारण आहे. काळा मसाला घराघरातला वेगळा. दगडफूल, धणे, खोबरं, तीळ यांचं प्रमाण आणि भाजणं प्रत्येकीचं आपलं. बाजारातल्या काही काळ्या मसाल्यांत मीठ असतं, काहींत तिखट. "काळा मसाला ५ चमचे" हे वाक्य आमच्या बरणीपुरतंच खरं आहे. पाकिटातला वापरायचा असेल तर मागचा मजकूर वाचून, मीठ असेल तर आपलं मीठ आधी निम्मं घालावं, हे ताईंना तोंडी सांगितलं.

ताईंच्या ओट्यावर

ताईंनी रविवारी केलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरलं होतं. कार्ड वाचून एखाद्याला काय कळतं ते बघायचं असेल तर शेजारी बसून दुरुस्त्या सुचवण्यात काही हशील नसतं.

पहिली अडचण कांद्याची. ताईंनी कार्डाच्या कडेला पेन्सिलीने स्वतःच "१० मि." असं लिहिलं होतं, सासूबाईंना करताना बघितलं होतं त्या आठवणीने. आमचा त्या दिवशीचा कांदा उन्हाळ होता, त्यांनी बाजारातून आणलेला पोळ. दहा मिनिटांनी तो पारदर्शक आणि ओलसर होता. त्यांनी तोलला, १५० ग्रॅम भरला, आणि त्या परत तव्याकडे वळल्या. आणखी दहा-बारा मिनिटं लागली. हा कांदा तसाच वाटला असता तर रश्श्याला कच्चट गोडसर वास आला असता, आणि तो मागाहून कितीही उकळून जात नाही.

दुसरी अडचण वडीची, आणि ती जास्त बोलकी होती. त्यांचं बेसन पाकिटातलं, अगदी बारीक. आमचं हरभराडाळ गिरणीवर नेऊन जरा रवाळ दळलेलं. बारीक पीठ पाणी लगेच ओढतं, म्हणून १७० ग्रॅममध्येच गोळा घट्ट झाल्यासारखा दिसला. उलथनं जवळपास उभं राहिलं. ताईंनी कार्डाप्रमाणे बाजूचं पीठ घातलं नाही, झाकण ठेवलं, पण नॉनस्टिक जळेल म्हणून आच इतकी बारीक केली की आत वाफच धरली नाही. सात मिनिटांनी थापल्यावर वडी मऊ लागली, बोटाचा ठसा राहत होता.

त्यांनी विचारलं, "पीठ कमी पडलं का?" मला तसं वाटलं नाही. थाळी तोलायला सांगितली. रिकामी थाळी ३१० ग्रॅम, भरलेली ९४५, म्हणजे गोळा ६३५. आमच्याकडचा ५८५ भरला होता, आणि त्यात पीठ ३० ग्रॅम जास्त होतं. म्हणजे त्यांच्या गोळ्यात पाणी बरंच जास्त राहिलं होतं. शिवाय चाखून बघितलं तर पिठाचा कच्चा वास होता. नुसतं पीठ कमी असतं तर वडी मऊ झाली असती, पण कच्ची लागली नसती. कच्चा वास हा वाफ न धरल्याचा पुरावा. यावर पीठ वाढवणं म्हणजे आणखी कच्चं पीठ आत ढकलणं.

गोळा अजून गरम होता, त्यामुळे तो खरवडून परत कढईत घेता आला. आच मध्यम, झाकण, झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळायला लागल्यावर पाच मिनिटं, मग झाकण काढून दोन मिनिटं घोटणं. पुन्हा थापून तोलला तर ५८० भरला. गार झाल्यावर वडी सुरीला न चिकटता कापली गेली. डाळीच्या पिठातला स्टार्च शिजताना फुगून पाणी धरतो आणि गार होताना घट्ट बसतो, म्हणून शिजण्यात कसर राहिली की गार करून काही साधत नाही, आणि शिजलं असेल तर गरम असताना जरा मऊ वाटली तरी घाबरायचं कारण नसतं.

तिखटाचं मात्र कार्डाने वाचवलं. आमचं तिखट ब्याडगीचं जास्त आणि लवंगीचं थोडं, रंगाला चांगलं आणि जिभेला सोसणारं. ताईंच्या पाकिटातलं नुसतं जहाल. एका चमच्यातच रस्सा पुरेसा झणझणीत झाला आणि दुसरा चमचा वाटीतच राहिला. वजन तेच, तिखटपणा दुप्पट. हे कुठल्याही काट्यावर दिसत नाही.

सासूबाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी वडी चमच्याने दाबून बघितली, रस्सा ओरपला आणि म्हणाल्या, "मसाला आपलाच लागतोय. तर्री कमी आहे, पोरीने तेलाला हात आखडता घेतला." ताईंनी खरंच चारऐवजी तीन मोठे चमचे घातले होते, आणि ते मुद्दाम. त्यावर मी कार्डात काही बदललं नाही.

कार्डात काय बदललं

वडीच्या वाफेच्या ओळीत "मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं" खोडून "मध्यम-मंद आच, झाकणाच्या आतून थेंब ओघळायला लागल्यापासून ५ मिनिटं" असं लिहिलं. घड्याळ झाकण ठेवल्यापासून नाही, थेंबांपासून सुरू होतं. त्याखाली एक ओळ वाढवली: "थापलेला गोळा थाळीचं वजन वजा करून ६०० ग्रॅमच्या आत असावा. जास्त भरला तर गरम असतानाच परत कढईत." बेसनाच्या ओळीपुढे "पाकिटातलं बारीक असेल तर बाजूचं पीठ बहुधा लागणार नाही" हे घातलं. कांद्यापुढची पेन्सिल ताईंनी स्वतःच खोडली.

मागच्या बाजूला निम्म्या मापाची टीप त्यांनी मागून घेतली, कारण घरात दोघंच. पीठ, मसाला, मीठ, वाटण सरळ निम्मं. वडीचं पाणी २२५ नव्हे, २४० मिलि, आणि रश्श्याचं ५०० नव्हे, सहाशे, कारण उकळताना किती पाणी उडतं ते भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, आत किती आहे त्यावर फारसं नाही. छोटं भांडं घेतलं तर हा फरक कमी होतो. थाळी १८ सेंमीची. २५ सेंमीच्याच थाळीत निम्मा गोळा थापला तर वडी पापडासारखी पातळ होते आणि रश्श्यात सोडताच मोडते.